पावलाची लांबी कोण ठरवते?

उकळलेले पाणी प्रथम झपाट्याने आणि मग संथपणे निवते. ही घट विकलक समीकरणाने मोजताना आपण काळाची लहान पावले टाकतो. पाऊल केवढे असावे, हे गणितानेच ठरवावे म्हणून प्रत्येक पावलाची दोन उत्तरे काढतात.

समजा, पाणी खोलीपेक्षा ६० अंशांनी उष्ण आहे आणि दर मिनिटाला या फरकाच्या एक-दशांश वेगाने ते निवते. २ मिनिटांचे पाऊल टाकू. आरंभीच्या ६ अंशांच्या वेगाने ४८ अंश उरतात. हे ऑयलरचे, पहिल्या कोटीचे उत्तर. तेथील वेग ४.८. दोन्ही वेगांच्या सरासरीने ४९.२ हे दुसऱ्या कोटीचे उत्तर येते. खरे उत्तर सुमारे ४९.१२ आहे, पण प्रत्यक्षात ते कोणास ठाऊक असते? म्हणून दोन उत्तरांतील १.२ चे अंतर हाच चुकीचा अंदाज मानतात. पहिले उत्तर वाटेतच मिळते, हीच या जोडीची काटकसर.

आपल्याला ०.३ इतकीच चूक चालत असेल, तर हे पाऊल रद्द करावे लागते. अंतर पावलाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ०.३ भागिले १.२ म्हणजे पाव, त्याचे वर्गमूळ अर्धे. म्हणून १ मिनिट, आणि सावधगिरीने ०.९. आता अंतर ०.२४३ येते आणि पाऊल स्वीकारले जाते. पुढे अधिक अचूक उत्तरच नेतात. पाणी निवत जाईल तशी पावले आपोआप लांबतात.

फेलबर्ग यांच्या १९६९ च्या जोडीत चौथी व पाचवी कोटी आहे, तत्त्व हेच.

मात्र पावलाच्या मधल्या क्षणी कोणी निखारा टाकून लगेच काढला, तर दोन्ही उत्तरे त्याला सारखीच चुकतात आणि अंतर लहानच दिसते. अशा ठिकाणी पावलाची कमाल लांबी आपणच बांधून द्यावी लागते.