लेक्चरच्या ट्रान्सक्रिप्टमधून नोट्स: आधी उदाहरण सोडवा

ट्रान्सक्रिप्टमध्ये फळा नसतो, त्यामुळे सोडवलेली उदाहरणंच सगळ्यात जास्त बिघडतात. बेजच्या प्रमेयावरचं एक लेक्चर घ्या. ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतं: 'आजार एक टक्का लोकांना, टेस्ट १९ टक्के रुग्ण पकडते, निरोगी लोकांतही नऊ टक्के पॉझिटिव्ह येतात. मग हे भागिले हे, साधारण नऊ टक्के.'

'हे भागिले हे' म्हणजे काय, ते आपणच १००० माणसं धरून मांडायचं. रुग्ण १०, त्यातले पॉझिटिव्ह १.९. निरोगी ९९०, त्यातले पॉझिटिव्ह सुमारे ८९. १.९ भागिले ९०.९ म्हणजे जेमतेम २ टक्के. सर तर ९ म्हणतायत! त्या मिनिटाला ऑडिओ ऐकला की कळतं, सर 'नाइन्टी' म्हणाले होते, ट्रान्सक्रिप्टने 'नाइन्टीन' केलं. आता ९ भागिले ९८, म्हणजे साधारण ९ टक्के. जुळलं. उत्तर जुळेपर्यंत उदाहरण नोट्समध्ये घेऊच नका.

मथळे मात्र यानंतर द्या, आणि जिथे सरांचा प्रश्न बदलतो तिथेच द्या. 'ओके, आता' प्रत्येक वेळी नवा मुद्दा नसतो. मथळ्याशेजारी वेळ लिहा, उदा. २३:४०.

संज्ञांसाठी सर्च वापरा. 'फॉल्स पॉझिटिव्ह' हा शब्द आधी येतो, नेमकी व्याख्या बऱ्याचदा उदाहरणानंतर, कुणीतरी शंका विचारल्यावर येते. व्याख्या तिथून उचला आणि तिच्याखाली याच उदाहरणातली ती ८९ माणसं लिहा.