रेडियमची पट्टी आणि तीस सेकंद

दूरदर्शनवर तीस सेकंद म्हणजे साडेसातशे चित्रे, कारण आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रे सरकतात. शब्द मात्र फार थोडे मावतात. निवेदक न थांबता बोलला तर साठ-पासष्ट! रस्तासुरक्षेची संहिता लिहिणारा पहिल्या झटक्यात हेल्मेट, वेग, दारू, सिग्नल हे सारेच त्यात कोंबतो, आणि पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एका माणसाला एकच काम सांगावे.

समजा, वर्धा जिल्ह्यातील सेलूसाठी अशी संहिता लिहायची आहे. मुलूख कापसाचा. दिवाळीनंतर कापूस उतरवून रिकाम्या ट्रॉल्या अंधारात गावाकडे परततात. मागचे फळकूट मातीने माखलेले, दिवा नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाची दुचाकी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. चालकाला उमगून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे पंचवीस मीटर गेले. पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही वीसेक मीटर हवेत. खाली वळवलेल्या दिव्यात मळकी ट्रॉली बहुधा त्याच्या आतच दिसते. तेव्हा आपले बोलणे दुचाकीस्वाराशी नाही, ट्रॉलीच्या मालकाशी आहे!

कागदाचे दोन रकाने करावेत: डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज.

पहिले सात सेकंद: दुचाकीच्या उजेडात पळणारा रस्ता, फक्त रातकिडे. पुढचे तीन: एकदम ट्रॉली, ब्रेकची किंकाळी, काळा पडदा. रक्त दाखवू नये; जेवणाच्या ताटावर बसलेले घर नजर फिरवते, आणि पुढचे कोणी पाहतच नाही. दहा ते वीस: सकाळचे अंगण. धनीण विचारते, “रेडियम लावलं काय जी?” शेतकरी ओल्या फडक्याने फळकूट पुसतो, सुकवतो, तांबडी पट्टी चिकटवतो. वीस ते सव्वीस: तोच रस्ता, रात्र. लांबवर तांबडी रेघ चमकते. दुचाकी सावकाश होते. शेवटचे चार सेकंद अक्षरे: “ट्रॉलीमागे रेडियम लावा. पुसत राहा.”

सरकारी मसुद्यात ‘परावर्तक पट्टिका’ असे असते. दुकानात जाऊन तसे मागणारा मला अजून भेटायचा आहे!

मग घड्याळ लावून मोठ्याने वाचावे. मनात वाचलेले नेहमीच लवकर संपते. नंतर आवाज बंद करून चित्रफीत एखाद्या ट्रॉलीवाल्याला दाखवावी आणि काय करायचे ते विचारावे. “गाडी हळू चालवावी,” असे उत्तर आले तर संहिता फसली. दुचाकीचे चित्र फार लांबले आहे.

संकलक हमखास म्हणेल, दोन सेकंद जास्त झाले, फडक्याचे दृश्य काढू. ते काढू देऊ नये. धुळीवर चिकटवलेली पट्टी सुटते, चिखलाखालची चमकत नाही. कापायचेच असेल तर सुरुवातीचा अंधार कापावा. सात सेकंदांऐवजी पाच पुरतात.