पोर्तुगीज पॉवरपॉइंटमध्ये हरवू नये म्हणून

लिस्बनच्या एका विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मुलीला मार्गदर्शकांनी सांगितलं आहे, ‘संध्याकाळपर्यंत चोवीसही स्लाइडांवर संस्थेचं बोधचिन्ह टाक, त्या उड्या मारणाऱ्या संक्रमणांना फाटा दे आणि पीडीएफ पाठव.’ एरवी वीस मिनिटांचं काम. पण प्रयोगशाळेतला संगणक पोर्तुगीज बोलतो. दुसऱ्याच्या यंत्राची भाषा बदलण्याची परवानगी बहुधा मिळत नाही, आणि मिळाली तरी त्यासाठी भाषेचा संच उतरवून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागतो. तेव्हा आहे त्याच पडद्यावर वाट काढायची.

आधी कोणती पोर्तुगीज समोर आहे ते ओळखावं, कारण पोर्तुगाल आणि ब्राझील यांच्या पॉवरपॉइंटमध्ये शब्द वेगवेगळे आहेत. डावीकडचा अगदी पहिला टॅब पाहिला की पुरे. तिथे `Ficheiro` असेल तर ती पोर्तुगालची आवृत्ती, `Arquivo` असेल तर ब्राझीलची. पोर्तुगालमध्ये स्लाइडला `diapositivo` म्हणतात, ब्राझीलमध्ये सरळ `slide`. सेव्ह करण्यासाठी पहिलीकडे `Guardar`, दुसरीकडे `Salvar`. इंटरनेटवर सापडलेली पोर्तुगीज सूचना पडद्याशी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा ती पलीकडच्या देशाची असते. शब्द बदलले तरी टॅबांचा क्रम आणि बटणांवरची चित्रं मात्र बदलत नाहीत. त्यामुळे इंग्रजी आवृत्तीत हात बसला असेल, तर आधी जागा आठवावी आणि मग तिथला शब्द वाचावा.

पहिलं काम बोधचिन्हाचं. ते चोवीस वेळा चिकटवायचं नाही, स्लाइड मास्टरवर एकदाच ठेवायचं. मास्टर `Ver` या टॅबमध्ये `Modelo Global de Diapositivos` या नावाने असतो. ब्राझीलच्या आवृत्तीत तोच `Slide Mestre`. नाव शोधत बसायचं नसेल तर विंडोजवर आणखी एक सोपी वाट आहे. खालच्या पट्टीत उजवीकडे, झूमच्या शेजारी, नेहमीच्या दृश्याचं लहान चिन्ह असतं. Shift दाबून धरून त्यावर क्लिक केलं की थेट मास्टर उघडतो, भाषा कोणतीही असो.

इथे एक फसगत ठरलेली आहे. मास्टर उघडतो तेव्हा निवडलेली असते ती बऱ्याचदा आपल्या चालू स्लाइडची मांडणी, खुद्द मास्टर नव्हे. डावीकडच्या ओळीत सगळ्यात वर एक मोठं चित्र आणि त्याखाली आत सरकवलेली लहान चित्रं दिसतात. वरचं मोठं म्हणजे मास्टर, खालची लहान म्हणजे त्याच्या मांडण्या. बोधचिन्ह एखाद्या लहान चित्रावर ठेवलं तर ते तेवढी मांडणी वापरणाऱ्या स्लाइडांवरच उमटतं. म्हणून ओळ वर सरकवून मोठ्या चित्रावर क्लिक करावं. खात्री करायची असेल तर माउस त्यावर थांबवावा. ते कोणत्या स्लाइडांना लागू आहे त्यांचे क्रमांक दिसतात. तिथे `1-24` वाचलं की जागा बरोबर आहे. तरीही शीर्षकाच्या स्लाइडवर बोधचिन्ह आलं नाही, तर त्या मांडणीवर पार्श्वभूमीतली चित्रं लपवण्याची खूण केलेली असते, ती काढावी. बाहेर पडायला रिबनवरचं लाल फुलीचं बटण आहे.

पानांचे क्रमांक मात्र एवढ्याने येत नाहीत. मास्टरवर क्रमांकाची जागा असली तरी ती फक्त राखून ठेवलेली असते. क्रमांक चालू करण्यासाठी `Inserir` टॅबमधली शीर्षलेख आणि तळटिपेची चौकट उघडून क्रमांकासमोर खूण करावी आणि सगळ्या स्लाइडांना लागू करावं. हे न केल्यामुळे मास्टरवर क्रमांक दिसतो आणि स्लाइडवर दिसत नाही, अशी तक्रार उद्भवते.

दुसरं काम संक्रमणांचं. टॅब आहे `Transições`. त्याच्या शेजारीच `Animações` असल्याने गोंधळ होतो. पहिला टॅब एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना काय दिसावं ते ठरवतो, दुसरा एकाच स्लाइडवरच्या वस्तूंच्या हालचाली. डावीकडच्या लघुचित्रांत क्रमांकाजवळ लहान तारा दिसला, तर त्या स्लाइडवर या दोहोंपैकी काहीतरी आहे. नको असलेली संक्रमणं घालवायची तर एखादी स्लाइड निवडून नमुन्यांतलं पहिलं, रिकामं चित्र घ्यावं आणि मग उजवीकडचं ‘सर्वांना लागू करा’ हे बटण दाबावं.

पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. ते बटण दाबताना वेळेची मांडणीही सगळ्या स्लाइडांवर जाते. त्याच भागात, अगदी उजवीकडे, पुढची स्लाइड कधी यावी याच्या दोन खुणा आहेत. एक माउसच्या क्लिकनंतर आणि दुसरी ठरावीक सेकंदांनंतर. दुसरीसमोर `00:05` असा आकडा आणि खूण राहिली, तर संक्रमण काढूनही प्रत्येक स्लाइड पाच सेकंदांत पळते आणि बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर राहतं. म्हणून आधी ती खूण काढावी, मग सर्वांना लागू करावं. नंतर F5 दाबून दोन-चार स्लाइड हात न लावता पाहाव्या. एकही आपोआप सरकली नाही, तर काम झालं.

तिसरं काम पीडीएफचं. `Ficheiro`, मग `Exportar`, मग `Criar Documento PDF/XPS`. आणखी सोपी वाट म्हणजे F12 दाबून ‘या नावाने सेव्ह करा’ची चौकट उघडायची आणि फाइलच्या प्रकारांच्या यादीत `PDF` निवडायचं. काही लॅपटॉपवर F12 सोबत Fn दाबावं लागतं. Ctrl आणि अक्षराच्या जोड्यांवर मात्र विसंबू नये. ब्राझीलच्या ऑफिसमध्ये सेव्ह करायला Ctrl+S ऐवजी Ctrl+B असतं.

सेव्ह करण्याआधी त्याच चौकटीतल्या पर्यायांत डोकावावं. लपवलेल्या स्लाइडा पीडीएफमध्ये याव्या की नाही, हे तिथेच ठरतं. पूर्ण स्लाइडऐवजी हँडआउट किंवा नोंदींची पानं चुकून निवडली गेली असतील तर तेही तिथेच कळतं.

पीडीएफ हे स्थिर पान असतं, त्यामुळे संक्रमणं त्यात येत नाहीत. अ‍ॅनिमेशनही येत नाही, आणि तिथे खरी अडचण आहे. एकापाठोपाठ एक येऊन आधीचं झाकणारी चित्रं पीडीएफमध्ये सगळी एकदमच, एकावर एक चढलेली दिसतात. अशा स्लाइडच्या प्रती काढून प्रत्येक टप्पा वेगळ्या पानावर ठेवावा.

मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. घरच्या संगणकावर उतरवून घेतलेला देवनागरी फॉन्ट प्रयोगशाळेत नसेल, तर पॉवरपॉइंट त्याच्या जागी विंडोजमधला `Nirmala UI` यासारखा दुसरा फॉन्ट घेतो. अक्षरं वाचता येतात, पण ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि शीर्षक चौकटीबाहेर जातं. याच यंत्रावर पीडीएफ केलं, तर हीच बिघडलेली मांडणी कायमची पक्की होते. त्यामुळे फाइल इथे सुधारली तरी देवनागरी मजकूर असेल तर पीडीएफ शक्यतो आपल्या संगणकावर करावं. इंग्रजी किंवा मराठी शब्दांखालच्या लाल नागमोडी रेघांनी घाबरू नये. तो शब्दलेखनाच्या तपासणीचा भाग आहे, पीडीएफमध्ये उतरत नाही.

पाठवण्याआधी तयार पीडीएफ उघडून तीन पानं पाहावी. शीर्षकाचं पान बोधचिन्हासाठी, सगळ्यात जास्त अ‍ॅनिमेशन असलेलं पान चढलेल्या चित्रांसाठी आणि शेवटचं पान क्रमांकासाठी. पीडीएफमधल्या पानांची एकूण संख्या स्लाइडांच्या संख्येइतकी असेल, तर एकही स्लाइड सुटलेली नाही.