नऊ लाखांचे पॅकेज आणि हातात पडणारा पगार

ऑफर लेटरवर ठळक अक्षरात छापलेली वार्षिक रक्कम म्हणजे सीटीसी. कर्मचाऱ्यापोटी कंपनीला वर्षभरात येणारा सगळा खर्च तिच्यात धरलेला असतो. त्यामुळे तिला बाराने भागून महिन्याचा पगार काढला की हिशेब चुकतो. खरा हिशेब ऑफर लेटरला जोडलेल्या पगाराच्या फोडीत असतो. ती सोबत आली नसेल, तर होकार कळवण्याआधी मागून घ्यावी.

पुण्यातल्या एखाद्या कंपनीने ९,००,००० रुपयांची ऑफर दिली आहे असे धरू. फोडीत दरमहा बेसिक म्हणजे मूळ वेतन ३०,०००, घरभाडे भत्ता १२,००० आणि विशेष भत्ता १७,००० आहे. या तिन्हींची बेरीज ५९,००० होते. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा ३,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद १,४४३, गटविम्याचा हप्ता ९५७ आणि व्हेरिएबल पे १०,००० अशा उरलेल्या रकमा सीटीसीत मोजल्या जातात, पण महिन्याच्या पगारात येत नाहीत. ५९,००० मधून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ ३,६०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० कापला जातो. फेब्रुवारीत हा कर ३०० असतो. खात्यात जमा होतात ५५,२००. बाराने भागून आलेल्या ७५,००० पेक्षा हे १९,८०० रुपये कमी आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही, म्हणून इथे तो धरलेला नाही.

ही तफावत म्हणजे सगळेच नुकसान नव्हे. पीएफचे दोन्ही वाटे मिळून महिन्याला ७,२०० रुपये कर्मचाऱ्याच्याच नावावर साठतात. ग्रॅच्युइटीचे मात्र वेगळे आहे. दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून, असा तिचा हिशेब असतो. फोडीत दिसणारे बेसिकचे ४.८१ टक्के त्यातूनच येतात. पण कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलण्याचा विचार असणाऱ्याने ती रक्कम आपल्या कमाईत धरू नये.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकशी बांधलेली असल्याने बेसिकचा आकडा सर्वात आधी पाहावा. बेसिक कमी आणि भत्ते जास्त असतील, तर हातात थोडे अधिक पडते आणि साठते कमी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. पीएफसाठी कायद्याने ठरवलेली वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे. काही कंपन्या पूर्ण बेसिकच्या बारा टक्के भरतात, तर काही या मर्यादेवरचे १,८०० रुपयेच भरतात. घरभाडे भत्त्यावरची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली निवडणाऱ्याच्या दृष्टीने तो आणि विशेष भत्ता यांत कराचा फरक उरत नाही.

आता त्याच उमेदवाराला दुसरीकडून ८,४०,००० ची ऑफर आहे असे समजू. बेसिक तेवढेच ३०,०००, पीएफ मात्र १,८०० आणि व्हेरिएबल अजिबात नाही. ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा पीएफ वजा करता महिन्याचा पगार ६६,७५७ होतो. कपातीनंतर हातात ६४,७५७ येतात. लहान पॅकेजमध्ये दरमहा साडेनऊ हजार जास्त! त्यातला काही भाग पीएफ कमी कापल्यामुळे आहे हे खरे. म्हणून दोन्हीकडे पीएफ मिळवून पाहावे: पहिल्या ऑफरीत ६२,४००, दुसरीत ६८,३५७. विमा बाजूला ठेवला तरी जवळजवळ सहा हजारांचा फरक उरतो. पहिल्या कंपनीने दहा हजारांच्या व्हेरिएबलपैकी साठ टक्के प्रत्यक्षात दिले, तेव्हा कुठे दोन्ही ऑफरी बरोबरीला येतात.

म्हणजे निर्णय व्हेरिएबलवर येऊन ठेपतो, आणि फोडीत सर्वात कमी माहिती त्याचीच असते. लिहिलेला आकडा बहुधा पूर्ण उद्दिष्ट गाठल्यावरचा असतो. तो स्वतःच्या कामावर ठरतो की कंपनीच्या नफ्यावर, वर्षातून कितीदा मिळतो, वर्षाच्या मध्यात रुजू झालेल्याला किती मिळतो, हे लेखी विचारावे. गेल्या दोन वर्षांत त्या विभागात सरासरी किती टक्के व्हेरिएबल दिले गेले, हा प्रश्न तर टाळूच नये. अनेक ठिकाणी अशी अट असते की पैसे वाटपाच्या तारखेला कर्मचारी कामावर असला पाहिजे आणि त्याने राजीनामा दिलेला नसावा. ही अट असेल, तर मार्चपर्यंत वर्षभर काम करून मेमध्ये नोकरी सोडणाऱ्याला जूनमध्ये वाटलेल्या व्हेरिएबलमधले काहीच मिळत नाही.