कढई रुंद, तेल किती?

बटाटेवडे करायचे ठरले की आपण तेलाची पिशवी कापतो, अंदाजाने कढईत ओततो आणि ‘एवढं पुरे’ म्हणून थांबतो. हा अंदाज बहुतेक वेळा पृष्ठभाग पाहून घेतलेला असतो. गोल बुडाच्या रुंद कढईत पृष्ठभाग फसवतो. तेल पसरलेले भरपूर दिसते, पण वडा ज्यात बुडायचा ती खोली फक्त मधोमध असते आणि कडेकडे ती झपाट्याने कमी होत जाते.

घरात सहसा असते तशी २८ सेंमी तोंडाची आणि मधोमध ८ सेंमी खोल कढई घेऊ. तिच्यात २०० मिली तेल ओतले तर मध्यावर जेमतेम २ सेंमी खोली मिळते. ४३० मिलीला ३ सेंमी, तर ७५० मिलीला ४ सेंमी. हीच ४ सेंमी खोली २४ सेंमी सपाट तळाच्या पातेल्यात हवी असेल, तर १,८०० मिली तेल लागेल. तळणीसाठी गोल बुडाची कढई का सोयीची, ते यातून कळते: तेल मध्याकडे गोळा होते, म्हणून थोडक्या तेलात खोली मिळते.

आता वड्याकडे येऊ. वडा साधारण ५ सेंमी उंचीचा. तेल २ सेंमी असेल तर तो तळाला टेकून बसतो. तिथले बेसन थेट तापलेल्या धातूला लागते आणि काळपट डाग पडतो. उलटल्यावर दुसरी बाजू तळली जाते, पण मधला पट्टा फिकट राहतो. वड्याच्या कमरेला असा पिवळट पट्टा दिसला, तर तेल उथळ होते असे समजावे. ४ सेंमी तेलात वडा काही क्षण खाली जातो, वाफेचे बुडबुडे सुटू लागले की वर येतो आणि झाऱ्याने सहज फिरतो. पुरी पातळ असल्याने तिला ३ सेंमी खोली चालते, पण फुगून उलटायला मोकळा पृष्ठभाग हवा. ३ सेंमी तेलाचा पृष्ठभाग या कढईत सुमारे १९ सेंमी रुंद असतो, म्हणजे १२ सेंमीची एकच पुरी मोकळेपणी तळता येते.

तेल जास्त असण्याचे दुसरे कारण उष्णता. वड्यातले पाणी वाफ होऊन जाताना तेलाचीच उष्णता घेते. १० ग्रॅम पाणी उडाले, तर तेवढ्यानेच ७५० मिली तेल सुमारे १६ अंशांनी थंड होऊ शकते. खालची आच ही घट भरून काढत असते. तेल निम्मे असेल तर घट दुप्पट होते, आच पुरी पडत नाही आणि वडे तेल पितात. घाण्यात चारच वडे सोडले आणि पुढचा घाणा टाकण्याआधी तेल पुन्हा तापू दिले, तर हे टळते.

पण कढई भरायचीही एक मर्यादा आहे. तापताना तेल साधारण दहाव्या हिश्श्याने फुगते आणि चार वडे पातळी आणखी अर्धा सेंमी वर उचलतात. त्यावर फेस येतो. म्हणून थंड तेल कढईच्या निम्म्या उंचीपर्यंतच असावे. ८ सेंमीच्या कढईत ४ सेंमी हीच वरची मर्यादा आहे. पाण्याचा अंश जास्त असलेल्या पदार्थांना, उदाहरणार्थ नुकत्याच धुतलेल्या भाज्यांच्या भज्यांना, त्याहूनही मोकळी जागा ठेवावी.

घरात तेल ४०० मिलीच असेल, तर रुंद कढईत ते पसरवून तळू नये. १८ सेंमी तोंडाची, ६ सेंमी खोल छोटी कढई घ्यावी. तिच्यात सव्वाचारशे मिलीला तीच ४ सेंमी खोली मिळते. एका वेळी दोनच वडे मावतील आणि निम्म्याहून वर भरल्याने फेसाकडे लक्ष ठेवावे लागेल, पण वडे नीट तळले जातील. आधी पदार्थाची उंची पाहून खोली ठरवावी, मग कढई निवडावी आणि तेल शेवटी मोजावे.

थोड्या तेलावर परतायच्या पदार्थांचे गणित याच्या उलट असते. रवा लावलेली सुरमईची तुकडी तळाशी एकसारख्या पातळ तेलावर खरपूस व्हायला हवी. रुंद कढईत तीन चमचे, म्हणजे ४५ मिली तेल घातले, तर ते मध्यावर ११ सेंमी रुंदीचे एक सेंमी खोल डबके होते. मधली तुकडी तेलात तळते, कडेची कोरडी पडते आणि तिचा रवा करपून निघतो. सपाट तव्यावर मात्र २४ सेंमी तळाला सुमारे ९० मिली तेलाचा दोन मिलिमीटरचा थर सगळीकडे सारखा बसतो. तुकडीची एक बाजू पूर्ण सोनेरी झाल्यावर ती एकदाच उलटावी.

कढईच्या खोलीबद्दल शंका असेल, तर ती मोजायला फार वेळ लागत नाही. कोरड्या कढईच्या मध्यावर लाकडी उलथन्याचा दांडा उभा धरावा, कढईच्या काठापर्यंतची उंची पट्टीने मोजावी आणि निम्म्यावर खूण करावी. पुढच्या वेळी पेल्याने मोजून तेल त्या खुणेपर्यंत ओतले, की त्या कढईला किती पेले लागतात ते कायमचे कळते.