संगणक रोज बंद होतो, मग दर शनिवारी रीस्टार्ट कशाला?



शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर लॅब दोन तास बंद का असते, अशी विचारणा मागच्या पालकसभेत बऱ्याच जणांनी केली. प्रकल्पासाठी थांबलेल्या मुलांना त्या वेळी घरी पाठवावं लागतं. संगणक तर चालू दिसतात, पण पडद्यावर नुसती टक्केवारी सरकत असते. तेव्हा मुलांचं नुकसान होतंय, असं वाटणं साहजिक आहे. एका आजोबांचा प्रश्न अगदी नेमका होता: "सर, संध्याकाळी मामा सगळे संगणक बंद करतात, सकाळी तुम्ही चालू करता. म्हणजे रीस्टार्ट रोजच झाला की!" या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं, तर बाकीच्या शंकाही त्यातच सुटतील.

बंद केला, पण पूर्ण बंद झाला नाही

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ सालापासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि बहुतेक संगणकांवर ती आपोआप चालू असते. आपण Shut down दाबलं की उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात. पण विंडोजचा जो गाभा असतो, तो मेमरीत जसा होता तसाच्या तसा डिस्कवरच्या hiberfil.sys या फाइलमध्ये उतरवून ठेवला जातो. सकाळी बटण दाबलं की विंडोज पहिल्यापासून सुरू न होता तोच कालचा गाभा उचलून मेमरीत ठेवते. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो, ही गोष्ट चांगलीच आहे. पण काल जे मेमरीत होतं, तेच आज पुन्हा कामाला लागतं. Restart दाबल्यावर मात्र हा आडमार्ग घेतला जात नाही. गाभा पूर्ण मोडतो आणि डिस्कवरून नव्याने उभा राहतो.

आठवीच्या मुलांना हे मी करून दाखवतो. Ctrl + Shift + Esc दाबलं की Task Manager उघडतो. त्यात Performance आणि मग CPU वर गेलं की खाली Up time असा आकडा असतो. क्रमाने दिवस, तास, मिनिटं आणि सेकंद. आदल्या संध्याकाळी बंद करून सकाळी सुरू केलेल्या एका संगणकावर मुलांना 5:21:40:12 असा आकडा दिसला. म्हणजे विंडोजच्या हिशेबाने तो संगणक जवळजवळ सहा दिवस सलग चालूच होता. मुलांनी तो रीस्टार्ट केला आणि तोच आकडा पुन्हा उघडला. आता त्यात दिवसही शून्य होते आणि तासही शून्य.

अपडेटचं काम इथेच अडतं. विंडोज स्वतः वापरत असलेली फाइल चालू असताना बदलता येत नाही. म्हणून नवी फाइल आणून बाजूला ठेवली जाते आणि ‘पुढच्या रीस्टार्टला ही अदलाबदल करायची’ अशी नोंद होते. रीस्टार्ट होताना, बाकी काही सुरू व्हायच्या आधी, ती नोंद वाचून फाइल बदलली जाते. नाटकात अंक संपून पडदा पडल्याशिवाय नेपथ्य बदलता येत नाही, तसंच हे. रीस्टार्ट होत नाही तोवर अपडेट डाउनलोड होऊन पडलेलं असतं आणि संगणक जुन्याच, दोष असलेल्या फाइलवर चालत राहतो. अशा वेळी मेनूत Update and shut down असाही पर्याय येतो आणि तो निवडला तर काम होतं. पण तासिकेची घंटा झाल्यावर मुलं सवयीने साधं Shut down दाबतात आणि अपडेट आणखी एक दिवस लांबणीवर पडतं.

दुरुस्ती जाहीर झाली की चोरालाही कळतं

एक-दोन आठवडे उशीर झाला तर बिघडतं कुठे, याचं उत्तर २०१७ सालच्या घटनाक्रमात आहे.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधला एक दोष दुरुस्त करणारं अपडेट दिलं. त्याचा क्रमांक MS17-010. अपडेट मिळालं, पण असंख्य ठिकाणी ते बसवलंच गेलं नाही. बरोबर एका महिन्याने, १४ एप्रिलला, याच दोषातून आत शिरण्याचं तयार हत्यार इंटरनेटवर उघड झालं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याचा वापर केला आणि दीडशेहून अधिक देशांतल्या संगणकांवरच्या फाइल कुलूपबंद केल्या. त्या सोडवण्यासाठी ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली जात होती. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना याची झळ बसली आणि रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तिथले बाधित संगणक बहुतांशी विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठीचं अपडेट ५९ दिवस आधी मिळालेलं होतं.

वॉनाक्राय पसरण्यासाठी कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायची गरज नव्हती. एक संगणक सापडला की तो जाळ्यातल्या शेजारच्या संगणकाला स्वतःच गाठत होता. आपल्या लॅबचं जाळं तसंच आहे. सगळे संगणक एकमेकांना जोडलेले, प्रकल्पांचं फोल्डर सामायिक आणि प्रिंटर एकच.

पुढची घटना आपल्या महाराष्ट्रापर्यंत आली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा असाच एक घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तिच्या समूहातर्फे चालणाऱ्या न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनर टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. मार्चच्या त्या अपडेटला तेव्हा १०५ दिवस झाले होते. नॉटपेट्या तोच जुना दोष वापरत होता, शिवाय हाती लागलेल्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून अपडेट केलेल्या संगणकांतही शिरत होता. म्हणून आम्ही एकही संगणक मागे ठेवत नाही. एका कच्च्या संगणकामुळे बाकीच्या पक्क्या संगणकांनाही धोका पोचतो.

दुरुस्ती जाहीर होते, त्याच दिवशी दोष नेमका कुठे होता याचा मागही उघडा होतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं हे जाणकार शोधून काढू शकतात, आणि असे जाणकार चोरांतही असतात. त्यामुळे अपडेट येण्याआधी जितका धोका असतो, त्याहून जास्त धोका अपडेट येऊन ते न बसवलेल्या संगणकाला असतो.

दर आठवड्याला का, आणि दोन तास का?

विंडोजची सुरक्षेची मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. मग महिन्यातून एक शनिवार पुरेसा नाही का? नाही, कारण तातडीचं अपडेट मध्येच कधीही येऊ शकतं. शिवाय मुलं सर्वांत जास्त वापरतात तो क्रोम ब्राउझर २०२३ पासून सुरक्षेची अपडेट दर आठवड्याला देतो, आणि तीही ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावरच लागू होतात.

वेळेचं गणितही महत्त्वाचं आहे. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्याकडची माहिती तपासून सांगितलं की, अपडेट आल्यानंतर ते खात्रीने बसायला संगणक किमान दोन तास सलग आणि एकूण सहा तास चालू व इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. आपली तासिका ३५ मिनिटांची. ती संपली की संगणक बंद होतो आणि डाउनलोड अर्ध्यावर थांबतं. ऑफिसातल्या संगणकाला हे सहा तास एका दिवसात मिळतात, शाळेतल्या संगणकाला आठवडाभरातही मिळतील याची खात्री नसते. शनिवारचे दोन तास हे त्या सलग वेळेसाठी आहेत.

दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी आम्ही नवं अपडेट आधी दोनच संगणकांवर बसवतो, बाकीच्यांवर Pause updates ठेवतो. गुरुवार-शुक्रवारी त्या दोन संगणकांवर प्रिंटर, प्रोजेक्टर, मराठी टायपिंग आणि स्क्रॅच चालतंय ना, हे पाहतो. ही सावधगिरी लागतेच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते.

शनिवारी सर्वांत आधी बॅटरी बॅकअप तपासतो, कारण फाइल बदलत असताना वीज गेली तर घोळ होतो. मग Pause काढून एका संगणकावर डाउनलोड सुरू करतो. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ची सोय चालू केली असल्यामुळे बाकीचे संगणक बराचसा भाग त्याच्याकडून लॅबमधल्या लॅबमध्येच घेतात आणि शाळेच्या इंटरनेटवर ताण येत नाही. नंतर सगळे रीस्टार्ट करतो आणि पुन्हा Check for updates दाबतो, कारण कधी कधी एक अपडेट बसल्यावरच दुसरं दिसतं. You're up to date असं दिसलं आणि Up time शून्यावर आला, की तो संगणक झाला.

टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबली तरी आम्ही स्विचला हात लावत नाही, डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना ते पाहतो. Undoing changes made to your computer असं आलं, तर अपडेट बसलं नाही आणि विंडोज जुन्या स्थितीवर परत जात आहे, असं समजायचं. बऱ्याचदा डिस्क भरलेली असते. जागा रिकामी करून पुन्हा प्रयत्न केला की काम होतं.

जे रीस्टार्टने होत नाही

अपडेट फक्त सॉफ्टवेअरमधला दोष बुजवतं. मुलाने पासवर्ड मित्राला सांगितला, किंवा फुकट गेमच्या नावाखाली भलतंच काही डाउनलोड करून चालवलं, तर ते अडवणं अपडेटच्या हातात नाही.

तसंच, विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, ते कितीही वेळा रीस्टार्ट केले तरी त्यांना नवी दुरुस्ती आपोआप मिळत नाही. त्यांच्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेट विकत घ्यावी लागतात. शैक्षणिक संस्थांना त्याचा दर प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर आहे. नाहीतर त्यांवर लिनक्स बसवायचं. तुमच्या घरी विंडोज १० चा जुना संगणक असेल, तर त्याचीही नेहमीची अपडेट थांबलेली आहेत, मात्र शैक्षणिक संस्थांचा हा दर त्याला लागू नाही.

तुमच्याकडून तीनच गोष्टी हव्या आहेत. प्रकल्पाचं काम मुलांनी शुक्रवारपर्यंत सेव्ह करून ठेवावं, कारण रीस्टार्टमध्ये न साठवलेलं काम जातं. घरच्या संगणकाचा Up time एकदा मुलाला उघडून दाखवायला सांगा, आणि त्यात सातपेक्षा जास्त दिवस दिसले तर त्याच्याच हाताने Restart करून घ्या. तिसरी गोष्ट सुट्टीबद्दलची. दिवाळीच्या सुट्टीत लॅबचे संगणक बंद राहणार आणि तेवढ्या दिवसांची अपडेट साठणार. म्हणून शाळा उघडेल त्या पहिल्या दिवशी लॅबची एकही तासिका होणार नाही. त्या दिवशी मुलं वर्गातच वहीवर फ्लोचार्ट काढतील, आणि दुसऱ्या दिवसापासून लॅब नेहमीप्रमाणे सुरू होईल.



आपला नम्र,
संगणक शिक्षक