‘निअर मी’ लिहून गिऱ्हाईक येत नाही

समजा, पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत एक लेडीज पार्लर आहे. गुगल मॅप्सवर त्याची नोंद आहे, आणि खाली मालकीणबाईंनी कुणाच्या तरी सल्ल्याने लिहिलंय: ‘बेस्ट पार्लर कोथरूड, ब्युटी पार्लर निअर मी, चीप पार्लर पुणे, बेस्ट ब्रायडल मेकअप कोथरूड.’ हे वाचून कुणी आत पाऊल टाकेल असं वाटत नाही.

‘निअर मी’ हे शब्द शोधणाऱ्या बाईचे. ती कुठे उभी आहे हे गुगलला तिच्या फोनवरून कळतं आणि दुकान कुठे आहे हे पत्त्यावरून. निकाल लावताना गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी मेळ, अंतर आणि दुकानाचा बोलबाला. अंतर काही वर्णनाने कमी होत नाही. काही जण दुकानाच्या नावातच ‘कोथरूड ब्रायडल मेकअप’ जोडून टाकतात. ते तर सरळ नियमाबाहेर आहे, पाटीवर असेल तेच नाव द्यायचं. नाहीतर नोंद बंद पडू शकते.

मग वर्णनात लिहायचं काय? जागा 750 अक्षरांची, त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात. लिंक चालत नाही, आणि सवलतींची जाहिरात करायची ही जागा नव्हे. सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच चटकन वाचल्या जातात, म्हणून ठिकाण आणि मुख्य काम तिथेच यावं. उदाहरणार्थ:

‘कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतलं आमचं लेडीज पार्लर कर्वे पुतळ्याकडून येणाऱ्यांना सोयीचं आहे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल आणि हेअरकट रोज करतो; नवरीचा मेकअप आणि साडी नेसवून देण्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. त्याआधी ट्रायल करून बघता येते. ऑफिसवरून येणाऱ्यांसाठी संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं. सोमवारी बंद.’

यात कोथरूड एकदाच आलं, तरी ‘कोथरूडमध्ये लेडीज पार्लर’ किंवा ‘कर्वे पुतळ्याजवळ थ्रेडिंग’ शोधणाऱ्या बाईला आपल्या कामाचं ठिकाण हेच, असं वाचताक्षणी कळतं. ‘साडी नेसवून देणे’ हे तर गिऱ्हाईकच फोनवर विचारतं, म्हणून ते तसंच ठेवलं. रिक्षावाल्याला जी खूण सांगतो, तीच इथे लिहावी. मात्र जवळ नसलेल्या वारज्याचं किंवा बाणेरचं नाव घुसडू नये.

खरं वजन मात्र दुसरीकडे आहे. मुख्य वर्ग ‘ब्युटी सलून’ की ‘हेअर सलून’, हे नीट निवडा. सेवांच्या यादीत प्रत्येक काम वेगळं भरा. वर्णनाचा खरा उपयोग नोंद उघडून दोन पार्लरांत निवड करणाऱ्या बाईला होतो.

महिन्याभराने नोंदीच्या ‘परफॉर्मन्स’ अहवालात लोकांनी काय टाइप करून दुकान गाठलं ते दिसतं. तिथे ‘केराटिन’ वारंवार येत असेल आणि पार्लरमध्ये ते होत असेल, तर वर्णनात एक वाक्य वाढवा. होत नसेल, तर शब्द तिथेच राहू द्या.